"हम तो एसईझेड में हैं, टॅक्स मत लगाना": असं म्हणणाऱ्या ग्राहकाकडे आधी कोणता कागद मागायचा?

सांवेर रोडवरच्या ज्या फर्मचे हिशेब मी बघते, तिथे स्टीलच्या पाइप फिटिंग आणि व्हॉल्व्ह विकले जातात. मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. एके दुपारी पीथमपूरच्या एका औषध कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला. ऑर्डर २,४०,००० रुपयांची होती. भाव ठरला, डिलिव्हरीची तारीख ठरली आणि फोन ठेवता ठेवता पलीकडचे साहेब म्हणाले, "और मॅडम, हम तो एसईझेड में हैं, टॅक्स मत लगाना."

काका खुशीत होते. "लाव बिल शून्य टक्क्याने. एवढी मोठी कंपनी, खोटं कशाला बोलेल?"

खोटं बोलत नव्हतेच. पण ते खरं बोलतायत हे दाखवणारा कागद आमच्या फायलीत नव्हता, आणि उद्या प्रश्न विचारला जाणार तो त्यांना नाही, आम्हाला. इंदूर-पीथमपूर पट्ट्यात माल देणाऱ्या बऱ्याच लहान फर्म इथेच अडकतात, म्हणून ही एकच ऑर्डर धरून सगळं सांगते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. जीएसटीत "हा ग्राहक करमुक्त आहे" असं सरसकट सांगणारं एकच प्रमाणपत्र नसतं. ट्रस्टवाले आयकरातलं बारा-ए किंवा ऐंशी-जीचं पत्र दाखवतात. त्याचा संबंध आयकराशी आहे, तुमच्या बिलावरच्या जीएसटीशी नाही. शाळा म्हणते आमच्याकडे जीएसटी नंबरच नाही. नसू दे, पाइप विकत घेतला की त्यावरचा कर द्यावाच लागतो. परदेशी दूतावासांना वेगळा ओळख क्रमांक मिळतो खरा, पण तेही आधी कर भरतात आणि मग सरकारकडून परत घेतात. देशातल्या देशात माल विकताना ग्राहक कोण आहे हे पाहून बिलावर शून्य कर लावायची वेळ आमच्यासारख्यांवर येते ती मुख्यतः एकाच ठिकाणी: विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे एसईझेडमधल्या युनिटला किंवा त्या क्षेत्राच्या डेव्हलपरला माल देताना.

एसईझेड जमिनीने भारतात असलं तरी कराच्या हिशेबात ते जवळजवळ परदेशासारखं धरलं जातं. तिथल्या युनिटने माल बनवून निर्यात करावा आणि त्या मालाच्या किमतीत आपल्या देशाचा कर अडकून राहू नये, असा त्यामागचा विचार. म्हणून एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्ये अशा पुरवठ्याला निर्यातीच्या रांगेत बसवलं आहे. एक गंमत अशी की आमचं गोदाम आणि पीथमपूरचं ते युनिट, दोन्ही मध्य प्रदेशात, टेम्पो तासाभरात पोहोचतो. तरी कलम ७ प्रमाणे हा व्यवहार आंतरराज्यीय धरायचा. कर लावायचा झालाच तर तो आयजीएसटी. सीजीएसटी आणि एसजीएसटी अशी नेहमीची जोडी नाही.

पण या सवलतीला एक अट आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कलम १६ मध्ये स्पष्ट शब्द आले की पुरवठा "मंजूर कामकाजासाठी" असला पाहिजे. म्हणजे नुसतं ग्राहकाचं एसईझेडमध्ये असणं पुरत नाही. त्याला ज्या कामाची मंजुरी मिळाली आहे, त्याच कामासाठी आपला माल जायला हवा. औषधं बनवण्याच्या लाइनवर बसणारा व्हॉल्व्ह त्यात येतो. तोच व्हॉल्व्ह त्या कंपनीच्या इंदूरमधल्या गेस्ट हाउसच्या टाकीवर बसला तर येत नाही. व्हॉल्व्हवर तसं काही लिहिलेलं नसतं, आणि कुठलंही पोर्टल तो कुठे बसला हे पाहू शकत नाही. ते कागदावरूनच कळणार.

काकांना हे पटवायला मी कायद्याचं पुस्तक काढलं नाही, पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. २,४०,००० वर १८ टक्के म्हणजे ४३,२०० रुपये कर. या ऑर्डरवर आमचा नफा साधारण आठ टक्के, म्हणजे १९,२००. जो कर आपण घेत नाही आहोत, तो नफ्याच्या दुपटीहून जास्त आहे. आता धरा, वीस महिन्यांनी विभागाने विचारलं की हा शून्य कर कशाच्या आधारावर लावला, आणि आमच्याकडे दाखवायला काही नाही. मग ४३,२०० तर भरायचेच. त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी वीस महिन्यांचं व्याज, ते १२,९६०. वेळीच भरून मोकळं झालो नाही तर किमान १०,००० दंड. बेरीज ६६,१६०.

"पण मग आपण ते त्यांच्याकडून घेऊ की," काका म्हणाले.

घेऊ शकतो, कागदोपत्री. पण वीस महिन्यांनी ते खरेदीवाले साहेब त्या कंपनीत असतील का? त्यांच्या हिशेबाची ती वर्षं बंद झालेली असतील. आणि "तुम्हीच तर बिल शून्याने दिलं होतं" हे उत्तर तयार असेल. कर ग्राहकाच्या खिशातून यायचा असतो, पण सरकारने तो गोळा करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली आहे. तो का गोळा केला नाही, हे सिद्ध करणंही त्याच्याच गळ्यात. काकांनी कागदावरचा शेवटचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "माग बाई, काय मागायचं ते."

मागायचं केव्हा, हेही महत्त्वाचं आहे. बरेच जण टेम्पो भरायला लागला की फोन करतात, "साहब, वो लेटर भेज दीजिए." तेव्हा उशीर झालेला असतो. मालाचं बिल माल गोदामातून हलण्याआधी किंवा हलतानाच काढावं लागतं. "कागद आला की बिल बनवू" म्हणून माल आधी पाठवता येत नाही. मग ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळतो, ग्राहक तिकडून ओरडतो आणि कोणीतरी वैतागून शून्याने बिल फाडतं. म्हणून मागणी कोटेशनसोबतच करायची, फार तर पीओ हातात आल्या दिवशी. त्या वेळी ग्राहकालाही माल हवा असतो, त्यामुळे कागद चटकन निघतात.

दुसरी गोष्ट भाषेची. "टॅक्स एक्झम्प्शन सर्टिफिकेट भेजें" एवढंच लिहिलं की समोरचा माणूस गोंधळतो आणि हाताला लागेल ते पाठवतो. एका कंपनीने मला एकदा प्रदूषण मंडळाची परवानगी पाठवली होती! नक्की काय हवं आणि कशासाठी हवं, दोन्ही लिहावं. "कशासाठी" लिहिलं नाही तर ग्राहकाला वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवतायत. मी मेल हिंदीत पाठवला होता, मराठीत तो असा होईल:

"माननीय महोदय, आपल्या ऑर्डरबद्दल आभार. आपण बिल जीएसटीशिवाय करण्यास सांगितले आहे. तसे करण्यास आमची हरकत नाही. मात्र कायद्याप्रमाणे ही सवलत एसईझेड युनिटला, त्याच्या मंजूर कामकाजासाठी दिलेल्या मालावरच आहे, आणि तसे दाखवण्याची जबाबदारी पुरवठादार म्हणून आमची आहे. पुरावा नसल्यास हा कर व्याजासह आमच्याकडून वसूल होतो आणि नंतर आम्हाला तो आपल्याकडे मागावा लागतो. ते दोघांनाही गैरसोयीचे आहे. म्हणून कृपया तीन गोष्टी पाठवाव्यात. एक, डेव्हलपमेंट कमिशनरने दिलेले आपले मंजुरीपत्र, आणि मुदत वाढवली असल्यास त्याचे पत्र. दोन, एसईझेड युनिटच्या स्वतंत्र जीएसटी नोंदणीची प्रत. तीन, या ऑर्डरमधील माल मंजूर कामकाजासाठीच वापरला जाईल असे पीओ क्रमांकासह सही-शिक्क्याचे पत्र. कागद डिस्पॅचपूर्वी मिळाल्यास बिल शून्य कराने करू. न मिळाल्यास १८ टक्के आयजीएसटी लावून करावे लागेल."

शेवटची दोन वाक्यं मी कधीच गाळत नाही. कागद न आल्यास काय होईल हे आधी सांगितलेलं असलं की नंतर भांडण होत नाही.

चौथा कागद आपल्याच घरचा. कर न भरता एसईझेडला माल द्यायचा तर पुरवठादाराने स्वतः एक हमीपत्र दिलेलं असावं लागतं, ज्याला सगळे एलयूटी म्हणतात. ते पोर्टलवर `RFD-11` या फॉर्मने भरायचं. फी नाही. पण ते एका आर्थिक वर्षापुरतंच असतं, ३१ मार्चला संपतं. ग्राहकाचे सगळे कागद चोख आणि आपलं एलयूटी मागच्या वर्षीचं, असंही होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं बिल असेल तर आधी तेच बघावं.

आता आमच्या ऑर्डरचं काय झालं ते. दोन दिवसांत कागद आले आणि काका म्हणाले, "झालं, आता लाव शून्य." मी म्हटलं, काका, आले म्हणजे झालं नाही, वाचायचे आहेत.

मंजुरीपत्र दोन-तीन पानांचं होतं. त्यात चार जागा बघायच्या: कंपनीचं नाव, प्लॉटचा पत्ता, कोणता माल बनवण्याची मंजुरी आहे, आणि मुदत. पहिल्या तीन ठीक होत्या. मुदतीला अडचण होती. युनिटचं उत्पादन सुरू झाल्यापासून अशी मंजुरी पाच वर्षं चालते आणि मग वाढवून घ्यावी लागते. यांची पाच वर्षं मागच्याच फेब्रुवारीत संपली होती. मुदतवाढीचं पत्र त्यांच्याकडे होतं, पण खरेदी विभागाकडे नव्हतं. ते अकाउंट्सच्या कपाटात होतं आणि कोणी पाठवलं नव्हतं. फोन केला, दुसऱ्या दिवशी आलं. ते मागितलं नसतं तर आमच्या फायलीत एक छान शिक्क्याचा, पण मुदत संपलेला कागद पडून राहिला असता.

दुसरी भानगड जीएसटीआयएनची. एकाच कंपनीचं एक युनिट एसईझेडमध्ये आणि एक ऑफिस बाहेर असेल तर एसईझेड युनिटला वेगळी नोंदणी घ्यावी लागते, राज्य एकच असलं तरी. दोन्ही नंबर मध्य प्रदेशाच्या २३ नेच सुरू होतात, दोन्हींत कंपनीचा पॅन तोच. फरक शेवटच्या तीन अक्षरांत. नुसत्या नजरेने ओळखू येणं कठीण. ओळखायचं असं: जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकायचा आणि `Taxpayer Type` समोर काय आहे ते पाहायचं. एसईझेड युनिट असेल तर तिथे तसं दिसतं, बाहेरचं ऑफिस असेल तर `Regular` दिसतं. आमच्या पीओवर छापलेला नंबर टाकला तर आला `Regular`. म्हणजे मंजुरीपत्र एसईझेड युनिटचं आणि पीओ बाहेरच्या ऑफिसच्या नावाचा. या पीओवर शून्याने बिल केलं असतं तर ते पहिल्याच तपासणीत पडलं असतं.

पीओ नीट वाचल्यावर कारण सापडलं. ऑर्डरच्या खालच्या ओळींत काही व्हॉल्व्ह होते, ३४,००० रुपयांचे, आणि त्यांच्यासमोर डिलिव्हरीचा पत्ता होता कंपनीच्या इंदूरमधल्या गोदामाचा. ते गोदाम एसईझेडच्या कुंपणाबाहेर. खरेदीवाल्या साहेबांनी दोन ठिकाणांची गरज एकाच पीओत कोंबली होती, कारण भाव एकत्र करून पाडून घ्यायचा होता. त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती एकच कंपनी होती. कराच्या दृष्टीने त्या दोन होत्या.

मग पीओ दोन करून घेतले. एसईझेड युनिटच्या नंबरावर २,०६,००० चा, शून्य कराने. गोदामाच्या नंबरावर ३४,००० चा, त्यावर नऊ टक्के सीजीएसटी ३,०६० आणि नऊ टक्के एसजीएसटी ३,०६०, मिळून ६,१२०. इथे आयजीएसटी नाही, कारण हा साधा राज्यातल्या राज्यातला व्यवहार. साहेब थोडे कुरकुरले, पण ६,१२० ची क्रेडिट त्यांच्या बाहेरच्या नोंदणीला मिळणारच होती, हे सांगितल्यावर शांत झाले.

शून्य कराच्या बिलावर एक ठरलेलं वाक्य छापावं लागतं. ते नियमात जसं आहे तसंच टाकावं, स्वतःच्या शब्दांत नाही:

```
SUPPLY TO SEZ UNIT OR SEZ DEVELOPER FOR AUTHORISED OPERATIONS
UNDER BOND OR LETTER OF UNDERTAKING
WITHOUT PAYMENT OF INTEGRATED TAX
```

त्याखाली आम्ही आमच्या एलयूटीचा क्रमांक आणि त्यांच्या मंजुरीपत्राचा क्रमांक टाकतो. हे जास्तीचं आहे, पण चार वर्षांनी फाइल शोधताना उपयोगी पडतं. महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येही हे बिल नेहमीच्या बिलांत न घालता एसईझेडच्या रकान्यात, कर न भरता केलेला पुरवठा म्हणून दाखवायचं. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल आणि ई-इनव्हॉइस लागू असेल तर तिथे प्रकार `SEZWOP` निवडायचा.

बिल गेलं, टेम्पो गेला, पैसे आले. इथे बहुतेक जण फाइल बंद करतात, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आधी मागितलेले कागद एवढंच सांगतात की ग्राहक पात्र होता. माल खरंच कुंपणाच्या आत पोहोचला हे सांगणारा कागद नंतर येतो. एसईझेडच्या गेटवर कस्टमचा अधिकारी असतो. माल पूर्ण आत आला आणि मंजूर कामासाठी आला, असा शेरा तो बिलाच्या प्रतीवर मारतो. ती शेरा मारलेली प्रत ग्राहकाने आपल्याला परत द्यायची. आपण या मालाच्या खरेदीवर भरलेला कर परत मागायला गेलो तर परताव्याच्या अर्जासोबत हीच प्रत मागतात, आणि त्या अर्जाला दोन वर्षांची मुदत असते. परतावा नको असला तरी शून्य कर का लावला या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर तेच.

ही प्रत आपोआप येत नाही. ग्राहकाच्या स्टोअरमध्ये ती पडून राहते, कारण त्यांचं काम माल मिळाल्यावर संपलेलं असतं. म्हणून मी पहिल्या मेलमध्येच खाली एक ओळ घालते: "अधिकाऱ्याच्या शेऱ्याची बिलाची प्रत माल पोहोचल्यापासून महिनाभरात पाठवावी." मग वहीत तारीख लिहून पाठपुरावा करते. या ऑर्डरची प्रत पाचव्या आठवड्यात आली, चार फोननंतर.

सेवा देणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एसईझेडमधल्या कंपनीसाठी कोणी केटरिंग केलं, कार्यक्रम आखला किंवा त्यांच्या लोकांची हॉटेलात सोय केली, तर तिथे शून्य कर चालतो का, यावर पूर्वी बरेच वाद व्हायचे. जून २०१८ च्या एका परिपत्रकाने सांगितलं की चालतो, पण सेवा मंजूर कामकाजासाठी होती असं एसईझेडच्या अधिकाऱ्याने मान्य केलेलं असेल तरच. म्हणजे फिरून पुन्हा त्याच शेऱ्याशी.

आणि ग्राहकाने कागद दिलेच नाहीत तर? तर कर लावून बिल करायचं, मेलमध्ये सांगितल्याप्रमाणे. कागद नंतर आले तर क्रेडिट नोट देऊन नवं बिल करता येतं. त्या क्रेडिट नोटचा परिणाम विवरणपत्रात पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच धरता येतो, म्हणून तेही फार लांबवू नये.

असा एक ग्राहक आमच्याकडे याच वर्षी आला. त्याचंही तेच, "हम एसईझेड वाले हैं." मी मेल पाठवला. उत्तर नाही. दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा मेलसोबत अठरा टक्के लावलेलं प्रोफॉर्मा बिल पाठवलं आणि म्हटलं, कागद नसतील तर असं करू. काका पुन्हा चुळबुळ करायला लागले, "अगं, ऑर्डर जाईल." चौथ्या दिवशी नवा पीओ आला. बिलिंगचा पत्ता देवास नाक्याजवळच्या ऑफिसचा, जीएसटीआयएन वेगळा, आणि कराच्या रकान्यात त्यांनीच टाकलेलं: नऊ अधिक नऊ.